उंची मिळाली, वेग राहिला: उपग्रह कक्षेत कसा पोचतो

7 ऑगस्ट 2022, रविवार. सकाळी 9 वाजून 18 मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून इस्रोचं नवं छोटं रॉकेट, एसएसएलव्ही, पहिल्यांदाच उडालं. घनइंधनाचे तिन्ही टप्पे ठरल्याप्रमाणे पेटले आणि सुटले. मी घरी लॅपटॉपसमोर बसून बघत होतो; उंचीचा आकडा साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे गेला तेव्हा काम झालं असं वाटून चहा टाकायला उठलो. परत येईपर्यंत पडद्यावरचा सूर बदलला होता. दुपारी इस्रोने कळवलं की दोन्ही उपग्रह 356 किमीच्या वर्तुळाकार कक्षेऐवजी 356 × 76 किमीच्या लंबवर्तुळाकार कक्षेत गेले आहेत आणि आता त्यांचा उपयोग नाही.

यातला 356 हा कक्षेतल्या सर्वात वरच्या ठिकाणाचा आकडा, 76 सर्वात खालच्या. मोठा आकडा नीट बघा. 356 हवे होते, 356 मिळाले. मग बिघडलं काय? उंची बरोबर होती, आडवा वेग जेमतेम एक टक्का कमी पडला होता. हे गणित स्वतः करून बघता येईल इतपत तयारी या लेखात करू. आकडेमोड शाळेतल्या वर्गमुळापलीकडे जात नाही.

पायरी 1: टेबलाच्या कडेवर दोन नाणी

दोन रुपयाची दोन नाणी आणि एक पट्टी घ्या. पट्टी टेबलावर अशी ठेवा की तिचं एक टोक कडेबाहेर येईल. त्या बाहेरच्या टोकावर एक नाणं ठेवा. दुसरं नाणं टेबलाच्या अगदी कडेला, पट्टीला चिकटून. आता पट्टीचं आतलं टोक बोटाने हलकं दाबून धरा आणि बाहेरच्या टोकाला दुसऱ्या नाण्याच्या दिशेने जोरात टिचकी मारा. पट्टी खालून सटकल्यामुळे पहिलं नाणं सरळ खाली पडेल, दुसरं आडवं उडून लांब जाऊन पडेल. डोळे मिटून फक्त आवाज ऐका. फरशीवर ‘टक्’ एकदाच होतो.

पहिल्या वेळी नीट जमत नाही, पट्टी तिरकी बसते. चार-पाचदा करा. एकदा जमलं की पुढचं सगळं सोपं आहे: आडवा वेग कितीही असो, खाली पडणं थांबत नाही आणि कमीही होत नाही. उपग्रहही पडतच असतो, आडव्या उडालेल्या नाण्यासारखा.

मग तो जमिनीवर का येत नाही? कारण नाण्याखालची फरशी सपाट आहे आणि पृथ्वी गोल आहे.

पायरी 2: एका सेकंदाचा हिशोब

356 किमी उंचीवर गुरुत्वाकर्षण नाहीसं होत नाही. तिथे ते जमिनीवरच्या जवळजवळ 90 टक्के असतं. ‘वर गेलं की गुरुत्वाकर्षण संपतं’ हा समज आधी डोक्यातून काढा, नाहीतर पुढे प्रत्येक ठिकाणी तो आडवा येईल. अंतराळवीर तरंगताना दिसतात, कारण ते आणि त्यांचं यान एकत्रच पडत असतात.

तर या उंचीवर सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे 4.4 मीटर खाली येते. आता तीच वस्तू आडवी, सेकंदाला 7.69 किमी वेगाने जाते आहे असं धरा. (मुंबई ते पुणे हे सरळ रेषेतलं सव्वाशे किमीच्या आसपासचं अंतर म्हणजे या वेगाने सोळा सेकंदांचं काम.) एका सेकंदात ती 7.69 किमी पुढे गेली. तेवढ्या अंतरात तिच्या उंचीवरचं वर्तुळ सरळ रेषेपासून किती खाली वळतं? तेही 4.4 मीटर.

वस्तू 4.4 मीटर पडली आणि खालची पृथ्वीही तेवढीच खाली वळली. उंची होती तेवढीच राहिली. पुढच्या सेकंदाला पुन्हा तेच. कक्षा म्हणजे एवढंच. वर धरून ठेवणारं कोणी नाही, इंजिनही बंद आहे. पडण्याचा दर आणि पृथ्वीच्या वळण्याचा दर यांचा मेळ बसला आहे, आणि तो मेळ फक्त आडव्या वेगाने बसतो.

किती उंचीला किती वेग लागतो ते काढायचं सूत्र हे:

```
v = √(398600 / r)
```

यात r म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापासूनचं अंतर, किलोमीटरमध्ये. पृथ्वीची त्रिज्या 6378 किमी धरून त्यात उंची मिळवायची. v येतो सेकंदाला किलोमीटरमध्ये. 398600 हा पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा आकडा, तो बदलत नाही. नवखे लोक इथे हमखास एक चूक करतात: r च्या जागी नुसती उंची घालतात. 356 घातले तर उत्तर 33 किमी येतं. असा भलताच वेग आला की समजायचं, पृथ्वीची त्रिज्या मिळवायची राहिली.

356 साठी r = 6734, वेग 7.69. उंची 820 किमी केली तर वेग 7.44 येतो. उंची दुपटीहून जास्त वाढली तरी लागणारा वेग वाढला नाही, उलट थोडा कमी झाला. आणि हवा नसती तर झाडांच्या शेंड्यांवरूनही सेकंदाला 7.9 किमी वेगाने कक्षेत फिरता आलं असतं.

पायरी 3: मग उंची कशासाठी?

हवेसाठी. ती अडवते आणि तापवते. सेकंदाला साडेसात किमीच्या वेगाने दाट हवेतून जाणारी कोणतीही वस्तू टिकत नाही. शंभर किमीच्या वर हवा फार विरळ होते. तीनशे-चारशेच्या वर ती इतकी नगण्य असते की उपग्रह काही महिने ते काही वर्षं तग धरतो, त्याहून वर आणखी जास्त. उंचीचं काम हवेबाहेर काढण्यापुरतं. तिने कक्षा मिळत नाही.

याचा पुरावा इस्रोकडेच आहे. त्यांची रोहिणी मालिकेतली संशोधन रॉकेटं आहेत. त्यातलं आरएच-560 हे शंभर किलो उपकरणं घेऊन 470 किमीपर्यंत जातं. ही उंची एसएसएलव्हीच्या त्या दिवशीच्या 356 किमीहून बरीच जास्त. पण ते जवळजवळ सरळ वर जातं, काही मिनिटं मोजमापं घेतं आणि समुद्रात पडतं. दिवाळीतलं रॉकेट जसं वर जाऊन खाली येतं तसंच, फक्त फार वर जाऊन. त्याचं वजन दीड टनाच्या आत आहे. एसएसएलव्हीचं वजन 120 टन, आणि ते 500 किलो 500 किमीच्या कक्षेत नेतं. भार पाचपट, उंची साधारण तीच, रॉकेट मात्र ऐंशीपटीहून जड. हा सगळा फरक आडव्या वेगाचा.

ऊर्जेच्या भाषेत सांगायचं तर एक किलो वस्तू 356 किमी नुसती उचलायला सुमारे 3.3 मेगाज्यूल लागतात. तिथे तिला कक्षेचा वेग द्यायला 29.6 लागतात. वर नेणं एक हिस्सा, आडवं पळवणं नऊ हिस्से.

पायरी 4: उभं सुरू करून आडवं कसं व्हायचं

एवढं आडव्याचंच काम असेल तर रॉकेट उभं का सोडतात? कारण खालची हवा सर्वात दाट आहे आणि तिच्यातून सर्वात आखूड वाट सरळ वर जाते. पण उभं राहण्याची किंमत आहे. रॉकेट सरळ वर जात असताना दर सेकंदाला गुरुत्वाकर्षण त्याच्या वेगातले सुमारे 9.8 मीटर खाऊन टाकतं. शंभर सेकंद उभंच राहिलं तर जवळजवळ एक किमी प्रतिसेकंदाचा वेग नुसता वजन पेलण्यात गेला.

म्हणून उड्डाणानंतर थोड्याच सेकंदांत रॉकेट किंचित कलतं. सुरुवातीला अगदी थोडं, उघड्या डोळ्यांना पटकन कळणार नाही इतकं. त्यानंतर त्याला फारसं वळवावं लागत नाही. कललेल्या रॉकेटचा मार्ग गुरुत्वाकर्षण हळूहळू वाकवत नेतं आणि रॉकेट आपलं नाक त्या मार्गाच्या दिशेला धरून राहतं. नाक मार्गापासून जास्त वळलं तर दाट हवेत ते मोडण्याचा धोका असतो. जास्त लवकर कलंडलं तर हवेतच वेग वाया, उशिरा कलंडलं तर वजन पेलण्यात इंधन वाया. या दोहोंमधली वाट आधी गणिताने काढलेली असते.

पहिला टप्पा मुख्यतः हवेतून बाहेर काढतो. एसएसएलव्हीच्या 120 टनांपैकी 87 टन हे एकट्या पहिल्या टप्प्याचं इंधन आहे. दुसऱ्यात 7.7 टन, तिसऱ्यात 4.5. वरचे टप्पे एवढे लहान असून वेगाचा मोठा वाटा तेच देतात, कारण तोवर खालचं ओझं टाकून दिलेलं असतं आणि हवाही नसते. इस्रोच्या मोठ्या रॉकेटच्या, पीएसएलव्हीच्या, उड्डाणात हे स्पष्ट दिसतं. दुसरा टप्पा सुटतो तेव्हा उंची 200 किमीच्या वर गेलेली असते, वेग मात्र लागतो त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो. उरलेलं उड्डाण बहुतेक आडवंच.

इथे थोडा वेग फुकटही मिळतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे श्रीहरिकोट्याला उभं असलेलं रॉकेट काहीही न करता सेकंदाला सुमारे 450 मीटरने पूर्वेला जात असतं. इस्रोच्या पीएसएलव्ही माहितीपुस्तिकांमध्ये उड्डाणाच्या टप्प्यांचा तक्ता असतो. त्याच्या पहिल्याच ओळीत, प्रज्वलनाच्या क्षणी, वेग शून्य नसून साडेचारशेच्या आसपास लिहिलेला दिसतो. ती छपाईची चूक नव्हे. पूर्वेला उडालं तर ही शिल्लक कामी येते. ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेसाठी दक्षिणेला जावं लागतं, तेव्हा ती जवळजवळ उपयोगाची राहत नाही, आणि श्रीलंका टाळायला वाटेत वळणही घ्यावं लागतं. तमिळनाडूत कुलशेखरपट्टिणमला नवं उड्डाणतळ उभारण्यामागे हे वळण वाचवणं हे मोठं कारण आहे.

पायरी 5: एक टक्का म्हणजे किती?

आता 7 ऑगस्टकडे परत येऊ. आपल्याकडे दोन आकडे आहेत: 356 आणि 76. लंबवर्तुळाकार कक्षेत पृथ्वीपासून सर्वात दूरच्या बिंदूला अपभू आणि सर्वात जवळच्या बिंदूला उपभू म्हणतात. अपभूला उपग्रहाचा वेग किती होता ते या सूत्राने निघतं:

```
v = √(398600 × (2/r − 1/a))
```

r म्हणजे त्या बिंदूचं केंद्रापासूनचं अंतर, 6734. a म्हणजे दोन टोकांच्या अंतरांची सरासरी. एक टोक 6734, दुसरं 6378 + 76 = 6454, सरासरी 6594. कॅल्क्युलेटरवर घाला, उत्तर 7.61 येईल. वर्तुळाकार कक्षेला हवे होते 7.69. फरक सेकंदाला सुमारे 80 मीटर, म्हणजे एक टक्का आणि किंचित वर.

एवढ्याशा तुटीने पलीकडची बाजू 280 किमी खाली का गेली? कारण तूट तिथल्या तिथे दिसत नाही. सोडलेल्या क्षणी उंची बरोबर असते. पण पडणं आता वळण्यापेक्षा किंचित जास्त आहे, आणि तो फरक अर्धी फेरी भर साठत जातो. अर्धी फेरी म्हणजे साधारण 44 मिनिटं. त्यानंतर पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला उपग्रह सर्वात खाली पोचतो. लक्षात ठेवायला एक कामचलाऊ हिशोब: अशा खालच्या कक्षांत सेकंदाला 1 मीटर वेग कमी पडला की पलीकडची बाजू साडेतीन ते चार किमीने खाली येते. 80 ला साडेतीनने गुणा, 280 मिळतात.

76 किमीला हवा एवढी आहे की उपग्रह तिथून सुखरूप बाहेर पडत नाही. एका उपग्रहावर, आझादीसॅटवर, देशभरातल्या 750 शाळकरी मुलींनी काम केलं होतं.

वेग कमी का पडला ती गोष्टही आपल्या विषयाचीच आहे. रॉकेटला स्वतःचा वेग कुठल्या काट्यावर वाचता येत नाही. त्वरणमापक दर क्षणी ‘आता किती धक्का बसतोय’ हे मोजतात, आणि संगणक त्याची बेरीज करत वेग काढतो. दुसरा टप्पा सुटताना अगदी थोडा वेळ जोराची कंपनं झाली. सहाही त्वरणमापकांचे आकडे त्यांच्या मर्यादेला जाऊन टेकले. मापक खरं तर ठीक होते, पण संगणकाने ते बिघडले असं धरलं आणि रॉकेट आपत्कालीन पद्धतीवर नेलं: वेग न मोजता, आधी ठरलेल्या बेताने पुढे जायचं. या पद्धतीत शेवटचा छोटा द्रव-इंधन टप्पा वापरायचा नव्हता. त्या टप्प्याचं इस्रोतलं नावच ‘वेग नेमका करणारा भाग’ अशा अर्थाचं आहे. त्यात इंधन जेमतेम 50 किलो असतं. घनइंधन एकदा पेटलं की मनासारखं थांबवता येत नाही, त्यामुळे तिन्ही टप्प्यांनंतर वेगात जी काही कमी-जास्त उरते ती हे 50 किलो मिटवतात. त्या दिवशी ती मिटलीच नाही.

पायरी 6: तूट जास्त, तरी उपग्रह वाचला

उंची बिनमहत्त्वाची, असं मात्र यातून काढू नका. 29 सप्टेंबर 1997 ला पीएसएलव्हीने आयआरएस-1डी हा उपग्रह सोडला. हवी होती 817 किमीची वर्तुळाकार कक्षा. चौथा टप्पा कमी पडला आणि मिळाली 301 × 823. वरच्याच सूत्राने वेगाची तूट काढा: सुमारे 140 मीटर, म्हणजे जवळजवळ दोन टक्के. एसएसएलव्हीच्या तुटीहून मोठी.

पण पलीकडची बाजू पाचशे किमी घसरूनही 301 वर थांबली, हवेच्या दाट थराच्या बरीच वर. म्हणून वेळ मिळाला. नियंत्रकांनी उपग्रहाचं स्वतःचं इंधन वापरून, अपभूला पोचल्यावर त्याला पुढच्या दिशेने ढकललं. ‘वर’ नव्हे, ‘पुढे’. अपभूला वेग वाढवला की पलीकडचं उपभू वर उचललं जातं. असं करत उपभू 740 किमीच्या जवळ आलं. कक्षा पूर्ण गोल झाली नाही, पण तीन वर्षांसाठी बनवलेला तो उपग्रह 2010 पर्यंत चालला.

इथे उंचीने तूट सोसायला जागा दिली. 356 वरून घसरणाऱ्याला ती जागाच नव्हती.

पायरी 7: पुढचं उड्डाण बघताना

पडद्यावर उंची आणि वेग दोन्ही दिसतात. सुरुवातीची दोन-तीन मिनिटं उंची भराभर वाढते, लोक टाळ्या वाजवतात. ती मिनिटं हवी तर धुराकडे बघत घालवा. पुढे उंचीची रेघ सपाट होते, कधी किंचित खालीही येते. त्याला घाबरू नका. रॉकेट आधी थोडं वर चढून, मग आडवं पळताना थोडं उतरू शकतं. या वेळी वेगाचा आकडा बघत राहायचं: ठरलेली रेघ आणि प्रत्यक्षातली रेघ एकमेकींवर बसल्या आहेत का? वेगाची रेघ ठरलेल्या रेघेखाली राहिली आणि टप्पा संपला, तर उंची कितीही छान असो, काहीतरी राहिलं आहे.

आकडे वाचताना एक सावधगिरी. काही प्रक्षेपणांत जमिनीच्या तुलनेतला वेग दाखवतात, काहींत पृथ्वीच्या फिरण्यासकट धरलेला. सुरुवातीला शून्य दिसलं तर पहिला, साडेचारशेच्या आसपास दिसलं तर दुसरा. आपल्या सूत्रातून येणारा वेग दुसऱ्या प्रकारचा आहे. पहिल्याशी ताडून बघितलात तर पूर्वेला गेलेलं चांगलं उड्डाणही चारेकशे मीटरने कमी पडल्यासारखं वाटेल.

आणि उपग्रह सुटल्याची घोषणा झाली तरी कक्षेचे दोन आकडे येईपर्यंत थांबा. एसएसएलव्हीचं दुसरं उड्डाण 10 फेब्रुवारी 2023 ला झालं. तोपर्यंत दुसरा टप्पा सोडण्याची यंत्रणा बदलून कमी हादरे देणारी बसवली होती. तिन्ही उपग्रह 450 किमीच्या कक्षेत गेले. त्या दिवशीही मोठा आकडा मी नंतर बघितला, लहान आधी.